लहान मुलाला कुत्रा चावल्यावर सिरम किती द्यायचं, आणि त्यातलं जखमेत किती भरायचं

कुत्रा चावला की घरोघरी पहिला प्रश्न असतो "इंजेक्शन किती घ्यावी लागतील", आणि ते बरोबरच आहे, पण त्या लसीच्या नादात दुसरी एक गोष्ट मागे पडते ती म्हणजे सिरम. म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. आमच्याकडे सरकारी दवाखान्यात सगळे सिरमच म्हणतात, केसपेपरवर आरआयजी किंवा एआरएस लिहिलेलं दिसेल, तेच ते. लहान मुलांच्या बाबतीत याच्यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो: एक, किलोमागे किती युनिट, आणि दोन, काढलेलं औषध नेमकं कुठे टोचायचं. हा लेख त्या दोनच गोष्टींवर आहे. नवीन रुजू झालेले डॉक्टर, सिस्टर यांना डोक्यात ठेवून लिहितोय, पण आईवडिलांनीही वाचावा, कारण दवाखान्यात काय चाललंय ते कळलं तर योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता येतो. फक्त हे घरी करायचं काम नाही हे वेगळं सांगायला नको.

आधी कारण, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. चावल्यावर लाळेतला विषाणू लगेच रक्तात जाऊन अंगभर फिरत नाही. तो जखमेतच असतो, तिथल्या स्नायूत, आणि तिथून जवळच्या नसेच्या टोकात शिरायला बघतो. एकदा नसेत शिरला की मेंदूकडे निघतो आणि मग आपल्या हातात फारसं काही राहत नाही. लस आजच्या आज दिली तरी मुलाच्या अंगात कामापुरत्या अँटीबॉडी तयार व्हायला सात ते चौदा दिवस जातात, मग हे मधले दिवस कोण सांभाळणार? तर सिरम. त्यात तयार अँटीबॉडी असतात, आणि त्या जिथे विषाणू आहे तिथेच, म्हणजे जखमेत, पोचवायच्या असतात. म्हणून सिरम दंडात किंवा कुल्ल्यात देऊन "दिलं एकदाचं" म्हणणं याला फार अर्थ नाही. लहान मुलांत हे जास्त महत्त्वाचं, कारण उंची कमी असल्यामुळे कुत्रा थेट चेहरा, मान, डोकं, हात इथे चावतो, तिथे नसांचं जाळं दाट आणि मेंदू जवळ, त्यामुळे वेळ कमी मिळतो.

सिरम कोणाला लागतं

सगळ्यांना नाही. नुसतं चाटलं आणि कातडी अखंड आहे, तर काहीच नको, धुऊन टाका. कातडीवर ओरखडा आहे, रक्त आलेलं नाही, किंवा नुसतं कुरतडल्यासारखं झालंय, तर ती कॅटेगरी दोन, फक्त लस. दात आरपार गेलाय, रक्त आलंय, किंवा आधीच असलेल्या जखमेवर चाटलंय, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेलीय, ती कॅटेगरी तीन, इथे लस आणि सिरम दोन्ही. जखम केवढी आहे यावर कॅटेगरी ठरत नाही, एका दाताचं टोचल्यासारखं बारीक भोक असलं आणि रक्ताचा एक थेंब आला तरी ती तीनच. मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ केमो चालू आहे, तर कॅटेगरी दोनलाही सिरम देतात.

एक अपवाद लक्षात ठेवा, मुलाने आधी कधी रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स घेतलेला असेल आणि त्याचा कागद असेल तर सिरम द्यायचं नाही. त्याच्या अंगात आठवण तयार असते, लसीचे दोन डोस पुरतात, आज आणि तीन दिवसांनी. "मागे दोन इंजेक्शन झाली होती वाटतं" याला पूर्ण कोर्स म्हणत नाहीत, शंका असेल तर नवीन पेशंट धरून चला.

पहिलं काम: धुणं, आणि मग वजनकाटा

सिरम काढायच्या आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा. मूल रडतंय म्हणून दोन मिनिटात उरकतात, तसं नको, कारण साबणाने विषाणूचं वरचं आवरण फुटतं आणि ते काम फुकटात होतं. घरून हळद, चुना, मिरची, तेल, काही लावून आणलं असेल तर तेही आधी धुऊन काढायचं, नाहीतर पुढे भरलेलं सिरम त्या चिखलातच मुरेल. नंतर पोव्हिडोन आयोडीन.

मग मुलाला काट्यावर उभं करा. बाळ असेल तर आईसकट वजन करून आईचं वजा करा. वय विचारून अंदाजे वजन टाकू नका, पाच वर्षांचं एक मूल चौदा किलोचं असतं आणि दुसरं बावीसचं, आणि इथे सगळा हिशोब वजनावर आहे.

किलोमागे किती

आता गोंधळाची जागा. बाजारात सिरम एका प्रकारचं नाही, आणि प्रत्येकाचा किलोमागचा आकडा वेगळा आहे.

घोड्यापासून बनवलेलं सिरम, सरकारी दवाखान्यात बहुतेक वेळा हेच मिळतं, ते ४० आययू, म्हणजे ४० युनिट, प्रति किलो. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं, ज्याला ह्युमन म्हणतात आणि जे बरंच महाग असतं, ते २० आययू प्रति किलो. निम्मं का, तर माणसाचीच अँटीबॉडी असल्यामुळे ती अंगात जास्त दिवस टिकते.

तिसरा प्रकार म्हणजे मोनोक्लोनल, कारखान्यात पेशींपासून बनवलेली अँटीबॉडी. यात आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं रॅबीशील्ड येतं, त्याचा आकडा ३.३३ आययू प्रति किलो, आणि झायडसचं ट्विनरॅब, त्याचा परत ४० आययू प्रति किलो. म्हणजे ४०, २० आणि ३.३३ असे तीन आकडे एकाच कपाटात शेजारीशेजारी असू शकतात. ३.३३ वाल्याला ४० चा हिशोब लावला तर बारा पट डोस होतो, आणि उलटं झालं, म्हणजे घोड्याच्या सिरमला ३.३३ लावलं, तर मुलाला जवळपास काहीच मिळत नाही. हे दुसरं जास्त वाईट, कारण ते त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे व्हायल हातात घेतल्यावर आधी नाव मोठ्याने वाचा, मग एका मिलीत किती आययू ते वाचा, मगच कागदावर गुणाकार करा.

एका मिलीत किती, हा दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा. आपल्याकडे घोड्याच्या सिरमची नेहमीची व्हायल पाच मिलीची, १५०० आययूची असते, म्हणजे एका मिलीत ३००. ह्युमन सहसा एका मिलीत १५० असतं, पण ३०० वालंही असतं. रॅबीशील्ड ४० चं येतं आणि १०० चंही.

हिशोब असा:

```
आययू = वजन (किलो) × किलोमागचे आययू
मिली = आययू ÷ एका मिलीतले आययू
```

यातून एक गंमत निघते. १२ किलोच्या मुलाला घोड्याचं सिरम: १२ गुणिले ४० म्हणजे ४८० आययू, भागिले ३००, झाले १.६ मिली. त्याच मुलाला १५० वालं ह्युमन: १२ गुणिले २० म्हणजे २४० आययू, भागिले १५०, परत १.६ मिली. आकार सारखाच येतो म्हणून काही लोक दोन्ही एकच समजून डोळे झाकून मिली काढतात, आणि ज्या दिवशी ३०० वालं ह्युमन हातात येतं त्या दिवशी १.६ काढला तर दुप्पट डोस होतो, तिथे खरं लागतं ०.८. त्याच मुलाला ४० वालं रॅबीशील्ड असेल तर १२ गुणिले ३.३३ म्हणजे ४० आययू, भागिले ४०, झाला १ मिली. त्यामुळे मिली पाठ करू नका, दरवेळी आययूवरूनच या.

हा आकडा कमाल आहे, कोटा नाही

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर आहे. वजनावरून आलेला आकडा म्हणजे "याच्यापेक्षा जास्त द्यायचं नाही" अशी हद्द आहे. जास्त दिलं तर बाहेरून आलेल्या अँटीबॉडी मुलाच्या स्वतःच्या अँटीबॉडी तयार होण्यात आडव्या येतात, म्हणजे लसीचंच काम दाबलं जातं. म्हणून "जखमा खूप आहेत, अख्खी व्हायल टाकून देऊ" हे चुकीचं, १२ किलोच्या मुलाला पूर्ण व्हायल म्हणजे तिपटीहून जास्त. आणि दुसऱ्या बाजूने, एवढा आकडा पूर्ण झालाच पाहिजे असंही नाही. जखमेत जेवढं मावेल तेवढं भरायचं, हद्दीच्या आत राहून.

मग दोन अडचणी येतात. जखमा जास्त आणि औषध कमी, किंवा औषध जास्त आणि जखम बोटाच्या टोकाएवढी. दोन्हीची उदाहरणं बघू.

औषध कमी, जखमा जास्त

समजा तीन वर्षांचं मूल, वजन १२ किलो, अंगणात भटका कुत्रा अंगावर आला. डाव्या गालावर तीन सेंटीमीटरची फाटलेली जखम, वरच्या ओठावर दोन दातांचे व्रण, कानाच्या पाळीला एक, उजव्या हाताच्या पुढच्या भागावर तीन भोकं आणि अंगठ्यावर एक. घोड्याचं सिरम, म्हणजे वर काढलेले १.६ मिली. आठ ठिकाणी १.६ मिली म्हणजे सरासरी ०.२, आणि एकट्या गालालाच त्याहून कितीतरी जास्त हवं.

इथे काही जण काय करतात, सगळं गालात टाकतात कारण ते भयंकर दिसतं, आणि हातावरच्या बारीक भोकांना लसीच्या भरवशावर सोडतात. पण विषाणू बारीक भोकातूनही तसाच आत जातो, उलट दाताचं भोक खोल असतं आणि पाणी तिथपर्यंत पोचलेलंही नसतं. एकही जखम सुटता कामा नये.

उपाय साधा आहे: नॉर्मल सलाइन. १.६ मिली सिरममध्ये तेवढंच निर्जंतुक नॉर्मल सलाइन मिसळून ३.२ मिली करा. युनिट तेच ४८०, फक्त पाणी वाढलं, म्हणजे सगळीकडे पोचवता येईल. दुप्पट किंवा तिप्पट करता येतं, जेवढं सगळ्या जखमांना पुरेल तेवढंच पातळ करायचं. आता वाटप: गालाला १ मिली, ओठाच्या दोन्ही व्रणांना ०.३ प्रमाणे ०.६, कानाला ०.२, हातावरच्या तिन्ही भोकांना ०.४ प्रमाणे १.२, अंगठ्याला ०.२. बेरीज ३.२. हे काही कुठल्या तक्त्यात छापलेलं वाटप नाही, जखम किती खोल आणि त्या जागी किती मावतं बघून हाताने ठरवायचं, फक्त सुरुवात करण्याआधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर गालातच अडीच मिली जातात आणि अंगठ्याला पोचेपर्यंत सिरिंज रिकामी.

भरायचं कसं

व्हायल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात असते, ती काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, गार सिरम टोचलं की जास्त दुखतं. मूल उपाशी नसावं, थोडं दूध-बिस्किट चालतं. घोड्याचं सिरम असेल तर ॲड्रेनॅलिन भरून हाताशी, फक्त कपाटात नव्हे, टेबलावर.

मुलाला चादरीत गुंडाळून एकाने डोकं धरायचं, चेहऱ्याची जखम असेल तर हे फार गरजेचं, डोळ्याजवळ सुई असताना मूल हललं तर काय होईल ते सांगायला नको. चेहऱ्याच्या मोठ्या जखमांना झोपेचं औषध देऊन, म्हणजे सिडेशनमध्ये करावं लागतं, ती सोय जिथे आहे तिथेच पाठवा, पण लसीचा पहिला डोस देऊन पाठवा.

बारीक सुई, २६ नंबर वगैरे. सुई जखमेच्या कडेने, आतल्या बाजूने घालायची, आधी थोडं मागे ओढून रक्तवाहिनीत नाही ना ते बघायचं, मग हळूहळू औषध सोडत सुई मागे घ्यायची, म्हणजे खोलीपासून वरपर्यंत सगळा थर भिजतो. मग त्याच कडेने पुढे. पण चाळणी करू नका, एका टोचणीतून जितकी दिशा घेता येईल तितकी घ्या. उघड्या फाटलेल्या जखमेत औषध आतल्या पृष्ठभागावरही यायला हवं. दाताच्या भोकाला मात्र भोवतीने आणि तळापर्यंत भरायचं. थोडं ओघळून बाहेर आलं तर घाबरू नका, पण भळभळ वाहत असेल तर दाब जास्त होतोय किंवा वेग जास्त होतोय.

किती भरलं की पुरे? जागा थोडी फुगते, कातडी ताणलेली दिसते. तिथे थांबायचं. मांडी, दंड, पोटऱ्या, गाल या जागी बरंच मावतं. पण बोटं, नाकाचा शेंडा, कानाची पाळी, पापणी या घट्ट जागा, इथे जास्त दाबलं तर आतली रक्तवाहिनी दाबून पुढचा भाग पांढरा पडतो, बोट गार वाटतं, अशा वेळी लगेच थांबा, आणि त्या बोटाचं नख दाबून सोडून बघा, गुलाबी रंग पटकन परत येतोय ना.

टाके शक्यतो घालू नका. गालाची जखम फार उघडी असेल आणि घालावेच लागत असतील तर आधी सिरम भरा, काही तास जाऊ द्या, मग कमीत कमी आणि सैल टाके, कारण घट्ट टाक्यांनी विषाणू आत ढकलला जातो. आधी टाके आणि मग सिरम, हा क्रम मला कागदावर दिसला की चिडचिड होते, कारण त्यात दोन्ही कामं बिघडतात.

औषध जास्त, जखम छोटी

आता उलटं. सहा वर्षांची मुलगी, २० किलो, मांजराने तर्जनीला कडकडून चावा घेतला, एक दात आत. २० गुणिले ४०, म्हणजे ८०० आययू, भागिले ३००, आले २.६७ मिली. बोटात ते सगळं मावणं शक्य नाही. बोटात समजा अर्धा मिली गेला, कातडी ताणली, थांबलो. उरलेल्या दोन मिलीहून जास्त औषधाचं काय?

पूर्वी शिकवायचे की उरलेलं सगळं दूरच्या स्नायूत, मांडीत वगैरे द्या, आणि अजूनही बरेच जण तेच करतात, काही व्हायलच्या माहितीपत्रकातही तसंच असतं. डब्ल्यूएचओने २०१८ साली आपली भूमिका बदलली: जखमेत भरल्यानंतर उरलेलं दूरच्या स्नायूत टोचून फारसा जास्त फायदा होत नाही, तेव्हा ते द्यायची गरज नाही, जंतुविरहित पद्धतीने ठेवता येत असेल तर त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या पेशंटसाठी वापरा. सिरमचा तुटवडा असलेल्या आपल्यासारख्या ठिकाणी हे खूप कामाचं आहे, एका व्हायलमध्ये दोन-तीन मुलांचं होतं. तुमचा नातेवाईक अमेरिकेत असेल आणि तो म्हणाला "आमच्याकडे उरलेलं मांडीत देतात", तर तो खोटं बोलत नाहीये, तिथली पद्धत अजून तशी आहे, आणि तिथे ह्युमनच वापरतात, २० च्या हिशोबाने.

पण लहान मुलांबाबत याला एक अपवाद डब्ल्यूएचओनेच सांगितलाय आणि तो आमच्यात फार जणांना माहीत नसतो. मूल नीट सांगू शकत नाही, केसात, बोटांच्या बेचक्यात, मानेच्या मागे बारीक जखमा राहून गेल्या असण्याची दाट शक्यता असेल, तर उरलेलं सिरम त्या संशयित जागेच्या जितकं जवळ जमेल तितकं, स्नायूत द्या. म्हणजे कुत्र्याने डोक्याजवळ झोंबाझोंबी केली, केसात बघायला अवघड जातंय, तर मांडीपेक्षा त्या बाजूच्या खांद्याचा स्नायू. याच्या आधी मात्र अंगावरचे कपडे पूर्ण काढून, केस वेगळे करून, उजेडात तपासा. शोधून सापडलेली जखम ही अंदाजाने दिलेल्या इंजेक्शनपेक्षा कधीही चांगली.

आणि लस आहे ती सिरमपासून लांब. त्याच सिरिंजमध्ये नाही, त्याच जागी नाही. आपल्याकडे कातडीत देतात, ०.१ मिली दोन्ही दंडांवर, दिवस ०, ३, ७ आणि २८ ला. स्नायूत द्यायची असेल तर मोठ्या मुलांना दंडात, दोन वर्षांखालच्यांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात लस कधीच नाही. उजव्या दंडावर चावा असेल तर तिथल्या सिरमपासून लांब दुसरी जागा घ्यायची.

किती दिवसांपर्यंत देता येतं

पहिल्याच भेटीत, लसीच्या पहिल्या डोसबरोबर. त्या दिवशी सिरम मिळालं नाही तर लस अडवून ठेवायची नाही, लस लगेच सुरू करा आणि सिरम लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत आणून भरा. सात दिवस मोजायचे ते लसीपासून, चाव्यापासून नाही. हा फरक फार मोठा आहे. चावून वीस दिवस झालेत, लस एकही घेतली नाही, तर लस आणि सिरम दोन्ही आज द्यायचं, जखम भरत आली असेल, खपली धरली असेल, तरी त्या जागीच भरायचं. पण लस दहा दिवसांपूर्वी चालू झाली असेल तर आता सिरम नको, कारण मुलाच्या स्वतःच्या अँटीबॉडी यायला लागल्यात आणि आपण त्यातच अडथळा आणू. सिरम एकदाच द्यायचं असतं, पुढच्या डोसला पुन्हा नाही.

कुत्र्याला दहा दिवस बघायचं म्हणून मुलाचं सिरम पुढे ढकलू नका. बघायचं असेल तर बघा, पण उपचार सुरू ठेवून.

स्किन टेस्ट, आणि रिॲक्शन

घोड्याच्या सिरमच्या आधी टेस्ट डोस द्यायची सवय आपल्याकडे खूप आहे. डब्ल्यूएचओ ती करायला सांगत नाही, कारण टेस्ट निगेटिव्ह आली तरी पुढे रिॲक्शन येऊ शकते आणि पॉझिटिव्ह आली तरी येत नाही असं होतं. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात मात्र टेस्ट लिहिलेली असते, म्हणून दवाखान्याचा नियम काय आहे तो पाळा, पण टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून कॅटेगरी तीनच्या मुलाला सिरमशिवाय घरी पाठवू नका, ह्युमन किंवा मोनोक्लोनल मिळवा, किंवा सगळी तयारी असलेल्या ठिकाणी द्या. आजकालची घोड्याची सिरमं बरीच शुद्ध आहेत, मोठी रिॲक्शन क्वचित येते, पण येते.

म्हणून दिल्यावर किमान एक तास मुलाला तिथेच बसवा. अंगावर गांधी, आवाज घोगरा, दम, उलट्या, अंग गार पडणं यातलं काही दिसलं तर एक हजारात एक वालं ॲड्रेनॅलिन, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत. आपल्या १२ किलोच्या मुलाला ०.१२ मिली. हा आकडा सिरम काढतानाच केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, घाईत गणित जमत नाही.

केसपेपरवर काय दिसलं पाहिजे

आईवडिलांनी हे बघा, डॉक्टर लोकांनी हे लिहा. मुलाचं वजन. सिरमचं नाव आणि बॅच. एका मिलीत किती आययू. एकूण आययू आणि मिली. सलाइन मिसळलं का, किती. आणि प्रत्येक जखमेसमोर किती मिली गेलं. नुसतं "आरआयजी दिलं" लिहिलं असेल आणि मुलाच्या जखमेभोवती कुठे टोचल्याची खूणच नसेल, एकच टोचणी कुल्ल्यावर, तर तिथेच थांबून विचारा की जखमेत भरलं का. न भांडता विचारलं तर बहुतेक वेळा दुरुस्त होतं, आणि लसीच्या पहिल्या डोसला सात दिवस झालेले नसतील तर दुरुस्तीला वेळ असतो. मात्र कुल्ल्यात पूर्ण हिशोबाचा डोस गेलेला असेल तर वर आणखी पूर्ण डोस द्यायचा का, हा निर्णय मोठ्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांवर सोडा, कारण हद्द ओलांडली जातेय. व्हायलच्या लेबलचा फोटो काढून ठेवला तर त्यांना खूप मदत होते.

घोड्याच्या सिरमनंतर आठवडा-दीड आठवड्याने काही मुलांना ताप, अंगावर पुरळ, सांधे दुखणं असं होतं, त्याला सिरम सिकनेस म्हणतात. तोवर लोक चाव्याचं विसरलेले असतात आणि जवळच्या डॉक्टरकडे "व्हायरल" म्हणून उपचार सुरू होतात. तेव्हा तिथे आवर्जून सांगा की घोड्याचं सिरम घेतलंय आणि कोणत्या तारखेला. आणि या तापामुळे लसीचा पुढचा डोस चुकवू नका, डॉक्टरांना दाखवून तो ठरल्या तारखेलाच घ्या.